पेशंट दुभाष्याला हळूच सांगते, "डॉक्टरांना सांगू नका". तेव्हा काय करायचं? (स्पॅनिश, स्वयंसेवी काम, नागपूर)

वर्धारोड

नमस्कार मंडळी. नागपुरात स्पॅनिश शिकलेले आम्ही काही जण एका खाजगी रुग्णालयाने बोलावलं की दुभाषी म्हणून विनामूल्य जातो. सेवाग्राम पाहायला किंवा ताडोब्याला आलेला एखादा माणूस आजारी पडतो, त्याला स्पॅनिशशिवाय काही येत नाही, आणि मग फोन येतो. नव्यांच्या सरावासाठी एक प्रसंग लिहिलाय. त्यावर तुमची मतं हवीत.

पेरूची एक बाई. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, वेळ सकाळी १०. सव्वानऊला नर्स बीपीचं यंत्र आणायला बाहेर जाते. खोलीत पेशंट आणि दुभाषी दोघीच. पेशंट हळूच म्हणते, "सात वाजता दूध घातलेली कॉफी प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली. नो ले दिगा नादा अल दोक्तोर. ऑपरेशन पुढे गेलं तर माझं परतीचं तिकीट जाईल."

दुभाषीने काय करावं? आमच्यातच दोन तट पडलेत.

नागनदी

उत्तराआधी एक विचारते. प्रसंग खरा आहे का? खरा असेल तर धागा आत्ता काढून टाका.

नाव लिहिलं नाही म्हणून पेशंट ओळखू येत नाही असं नसतं. मराठी किंवा हिंदी बोलणारी पित्ताशयाची पेशंट नागपुरात रोज सापडेल. "पेरूची बाई, पित्ताशय, खाजगी रुग्णालय" एवढं म्हटलं की त्या मजल्यावरचा वॉर्डबॉय, कँटीनवाला आणि तिला घेऊन आलेला टॅक्सीवाला, तिघांनाही कळतं कोण ते. पेशंट जितका दुर्मीळ तितके कमी तपशील पुरतात. स्पॅनिशच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज एक मस्त शब्द शिकले, पेशंट असं म्हणाली" हेसुद्धा त्यातच आलं.

वर्धारोड

खरा नाही. देश, आजार, वेळ, तिकीट सगळं आम्ही बसून रचलंय. पण तुमचं बरोबर आहे, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. सरावाच्या कागदावर तसं लिहितो.

संत्रा_बर्फी

मला यात प्रश्नच दिसत नाही. गोपनीयता म्हणजे गोपनीयता. पेशंटने विश्वासाने सांगितलं, दुभाषी कोणालाही सांगू शकत नाही. हिपा कायद्यात हे स्पष्ट आहे, मोडलं तर मोठा दंड होतो. आणि तटस्थ राहायचं तर तोंड बंद ठेवणं हेच तटस्थ.

नागनदी

दोन गोष्टी दुरुस्त करते. हिपा हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे. नागपुरातल्या रुग्णालयात नागपूरचा दुभाषी बसला असेल तर तो लागू होत नाही. तुम्ही घरून व्हिडिओवर अमेरिकेतल्या क्लिनिकसाठी काम करत असाल तर ते क्लिनिक त्या नियमांची कागदपत्रं तुमच्याकडून सही करून घेईल, तो विषय निराळा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. वैद्यकीय दुभाष्यांच्या ज्या आचारसंहितेवर बरंचसं प्रशिक्षण उभं आहे, ती अमेरिकेतल्या राष्ट्रीय परिषदेने २००४ मध्ये काढली. तिच्यात गोपनीयतेचं कलम "उपचार करणाऱ्या चमूच्या आत" अशा शब्दांत आहे. म्हणजे कुंपण पेशंट आणि दुभाषी या दोघांभोवती नाही. डॉक्टर, नर्स, पेशंट, दुभाषी या सगळ्यांभोवती आहे. नवऱ्याला, दूतावासातल्या ओळखीच्या माणसाला, आपल्या क्लासच्या सरांना सांगायचं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगणं हा त्या अर्थाने गोपनीयतेचा भंग होत नाही.

पण म्हणून धावत जाऊन सांगायचं का, तर तसंही नाही. मी या क्रमाने जाईन.

आधी पेशंटला तिथल्या तिथे सांगायचं: "हे मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही. तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा, मी तुमचे शब्द पोचवते." स्पॅनिशमध्ये "दिगासेलो उस्तेद मिस्मा." मग दार उघडून नर्सला आत बोलवायचं आणि म्हणायचं, "पेशंटला काही सांगायचं आहे." बहुतेक वेळा पेशंट इथेच बोलते. तरी बोलली नाही, तर तिच्यासमोर, दोन्ही भाषांत, "दुभाषी सांगते आहे की" अशी सुरुवात करून सांगायचं. तिच्या पाठीमागे कॉरिडॉरमध्ये कुजबुजून नाही. पाठीमागे सांगितलं आणि तिला नंतर कळलं, तर ती पुढच्या कुठल्याही दुभाष्यासमोर खरं बोलणार नाही.

धंतोली_भूलतज्ज्ञ

माझ्या टेबलावरचा विषय आहे म्हणून लिहितो.

नियोजित शस्त्रक्रियेआधी पाणी, दूध न घातलेला चहा-कॉफी अशा पातळ पारदर्शक पेयांना २ तास. दूध किंवा हलकं खाणं असेल तर ६ तास. तळलेलं, मटण वगैरे असेल तर आणखी जास्त. दूध दिसायला पातळ असलं तरी पोटात त्याचं दही होतं, म्हणून ते जेवणात मोजतात. आता हिशोब करा. सातला दुधाची कॉफी आणि बिस्किटं, म्हणजे एक वाजेपर्यंत थांबावं लागेल. दहाला भूल दिली तर गिळण्याचे, खोकण्याचे प्रतिक्षेप बंद असताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. त्यातून होणारा फुप्फुसाचा दाह जिवावर बेततो.

म्हणजे त्या बाईला वाटतंय ऑपरेशन रद्द होईल आणि तिकीट जाईल, तर बऱ्याचदा यादीत तिचा नंबर दुपारी सरकवला जातो, एवढंच. ती ज्या भीतीने लपवते आहे ती भीती एका मिनिटात दूर होण्यासारखी आहे. पण ते आम्हाला कळलं तर.

वर्धारोड

मग दुभाषीनेच तिला म्हणावं का, "घाबरू नका, फक्त दुपारपर्यंत पुढे जाईल"? तेवढ्याने ती आपणहून सांगेल.

धंतोली_भूलतज्ज्ञ

नाही. दुपारी ओटी रिकामी आहे का, सर्जन आहे का, तिला मधुमेह आहे का, हे दुभाष्याला माहीत नसतं. तुम्ही "दुपारी होईल" म्हणालात आणि मी "उद्या" म्हणालो, की पेशंटच्या लेखी आमच्यातला एक जण खोटा ठरतो.

नागनदी

आणि दुभाषीने दिलेला दिलासा डॉक्टरला कळतच नाही, कारण तो स्पॅनिशमध्ये असतो. खोलीत त्याच्या नकळत एक वैद्यकीय सल्ला दिला गेला. फार तर "हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांनाच विचारा, पुढे गेलं तर किती पुढे जाईल ते" एवढं म्हणावं. प्रश्न तिचा, उत्तर त्यांचं.

महालवाली

माझ्या वडिलांचे अँजिओग्राफीचे रिपोर्ट स्पेनला भावाकडे पाठवायचे आहेत. तुमच्यापैकी कोणी स्पॅनिशमध्ये करून देईल का? आणि त्यासाठीही हे गोपनीयतेचं पाळावं लागतं का?

नागनदी

ताई, ते लेखी भाषांतराचं काम, हा धागा तोंडी दुभाषेपणाचा आहे. पण गोपनीयता तिथेही लागते. रिपोर्ट इथे टाकू नका. नोंदणीकृत भाषांतरकाराकडे द्या. तिकडच्या कुठल्या कार्यालयाला लागणार असतील तर शिक्का कोणाचा चालतो ते भावाला आधी विचारायला सांगा.

सिस्टर_अजनी

मी नर्सच्या बाजूने सांगते बावा. हा प्रसंग घडलाच काहून? नर्स बाहेर गेली तर दुभाषी आत काय करून राहिली? आमच्याकडे जो कोणी मदतीला येतो तो पेशंटच्या खाटेवर बसून गप्पा मारतो. मग पेशंट त्याला सगळं सांगते आणि आम्ही विचारलं की म्हणते, "त्यांना सांगितलं ना".

नागनदी

सिस्टर, अगदी मुळावर बोट ठेवलंत. नियम साधा आहे: नर्स किंवा डॉक्टर बाहेर पडले की दुभाषीही बाहेर. "मी दाराशीच आहे, सिस्टर आल्या की येते" असं सांगून बाहेरच्या खुर्चीवर बसायचं.

आणि त्याच्याही आधी, पहिल्या भेटीत, दोन्ही भाषांत अर्ध्या मिनिटाची ओळख हवी. माझी अशी असते: "मी दुभाषी आहे. इथे जे बोललं जाईल ते सगळं मी दुसऱ्या भाषेत सांगणार, हळू बोललेलंही. जे डॉक्टरांना कळू नये असं वाटतं ते माझ्यासमोर बोलू नका. ही माहिती उपचार करणाऱ्यांच्या बाहेर जाणार नाही. तुम्ही एकमेकांशी बोला, माझ्याशी नको. एकदोन वाक्यांनी थांबा. मी हात वर केला की थांबा." घाईत ही ओळख गाळली जाते, आणि मग "सांगू नका" हा प्रसंग उभा राहतो. ओळख झालेली असेल तर "मी सुरुवातीलाच म्हटलं होतं ना" असं नुसतं आठवण करून देता येतं.

संत्रा_बर्फी

हिपाचं मान्य. पण बाहेर जाऊन बसणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. परक्या देशात, ऑपरेशनच्या तासभर आधी, तिची भाषा येणारी एकमेव व्यक्ती उठून जाते. नर्स वीस मिनिटं येत नाही. आपण पगारी नाही, स्वयंसेवक आहोत. सोबत करणं हाही सेवेचाच भाग नाही का?

सिस्टर_अजनी

हे मात्र खरं आहे. काही बाया रडून राहतात. एकटं सोडणं जमत नाही.

नागनदी

यावर माझं मत पक्कं असलं तरी सगळ्या अनुभवी दुभाष्यांचं एक नाही, हे मान्य करते. काही जण आत थांबतात आणि जेवणखाण, हवा, गाव यापलीकडे जात नाहीत. आजाराचा विषय निघाला की "हे सिस्टर आल्यावर बोलू" म्हणतात. मला वाटतं, रडणाऱ्या माणसाला तुम्ही विषयाची हद्द घालू शकत नाही. सोबत हवी असेल तर रुग्णालयाने दुसरी व्यक्ती द्यावी, भाषा न येणारी आया चालेल. हात धरायला भाषा लागत नाही. जो तासभर सोबत करतो तो नंतर "पेशंट म्हणते" ऐवजी "आपण म्हणतो" या सुरात बोलायला लागतो. पेशंटने विचारलेला प्रश्न डॉक्टरला बोचरा वाटेल म्हणून तो गुळगुळीत करतो, किंवा उलट आपल्याच दोन शंका त्यात घालतो.

तुमच्या गटात कोणी पेशंटला विमानतळावरून आणलंय, घरी जेवू घातलंय, असं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं, आणि शक्य असेल तर दुसऱ्याला पाठवावं.

वर्धारोड

आता खरा अवघड भाग. समजा दुभाषीने तिला "स्वतः सांगा" म्हटलं, तेवढ्यात भूलतज्ज्ञ आले. ते विचारतात, "शेवटचं कधी खाल्लं?" आणि ती शांतपणे म्हणते, "काल रात्री नऊला." दुभाषी प्रथमपुरुषी बोलते. म्हणजे तिने म्हणायचं, "मी काल रात्री नऊला जेवले"? स्वतःच्या तोंडाने खोटं?

नागनदी

हो. तसंच म्हणायचं. ते वाक्य पेशंटचं आहे. प्रथमपुरुषात "मी" म्हणजे बोलणारा पेशंट, दुभाषी नव्हे, आणि ही गोष्ट ओळखीतच सांगितलेली असते. वाक्य बदललं, गाळलं किंवा आवाजात अविश्वास आणला, तर तुम्ही दुभाषेपण सोडून साक्ष द्यायला लागलात.

ते वाक्य पूर्ण झाल्यावर थांबून, स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषात करून: "दुभाषीला एक गोष्ट सांगायची आहे. डॉक्टर बाहेर असताना पेशंटने खाण्याबद्दल वेगळी माहिती दिली. कृपया पुन्हा विचारा." हेच लगेच स्पॅनिशमध्ये पेशंटला: "ला इन्तेरप्रेते..." करून. मग तिला बोलू द्यायचं. कॉफी, बिस्किटं, सात वाजता हा तपशील शक्यतो तिच्याच तोंडून यावा. नाहीच आला, आणि डॉक्टर भूल द्यायला निघाले, तर तपशीलही सांगायचा. इथे जीव जाण्याचा धोका आहे, आणि पेशंटच्या आरोग्याला गंभीर धोका असेल तर दुभाषीने बोलावं याला संहितेत जागा आहे.

"मी" आणि "दुभाषी" हे दोन आवाज वेगळे ठेवता आले तरच हे जमतं. जो पहिल्यापासून "ती म्हणते, ती म्हणते" करतो त्याच्याकडे दुसरा आवाज उरलेलाच नसतो. शिवाय खोलीत पेशंट, तिची बहीण आणि सिस्टर असल्या की "ती म्हणते तिला त्रास होतो" यात कोण कोणाबद्दल बोलतंय ते डॉक्टरला कळत नाही.

धंतोली_भूलतज्ज्ञ

माझ्यासाठी "पुन्हा विचारा" एवढंच पुरे आहे. कारण न सांगताही मी पुन्हा विचारीन, आणि "चहा, कॉफी, दूध, बिस्किट, च्युइंगगम" असं एकेक नाव घेऊन. "जेवण" म्हटलं की अनेकांच्या डोक्यात ताट येतं, कॉफी येत नाही. ती कदाचित खोटंही बोलत नसेल.

पाटणकर_चौक

मी पुरुष आहे, या गटात नवीन. प्रथमपुरुषाची माझी अडचण वेगळी. स्पॅनिशमध्ये "कोमी" बाईनेही म्हणायचं, पुरुषानेही. मराठीत आणताना मी "जेवले" म्हणू की "जेवलो"? "जेवलो" म्हटलं तर डॉक्टर चमकून माझ्याकडे बघतात, "जेवले" म्हटलं तर सगळे हसतात, पेशंटला वाटतं तिच्यावरच हसले.

नागनदी

मी "जेवले"च म्हणायला सांगते, कारण "मी" पेशंट आहे हे त्यातून सतत कानावर पडतं. "मला दुखतं", "मला मळमळतं" अशा वाक्यांत प्रश्नच येत नाही, तिथे सवय करून घ्या. डॉक्टर इंग्रजीत सोयीचे असतील तर इंग्रजीत जा, अडचण संपली. हसणं थांबवायला ओळखीत एक वाक्य घाला: "मी पेशंटच्या आवाजात बोलणार आहे, बाईसारखी क्रियापदं येतील." एकदा सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला कोणाच्या लक्षातही राहत नाही.

संत्रा_बर्फी

माझ्या ओळखीचे एक दुभाषी पुरुष असल्यामुळे "जेवलो"च म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. मला वाटतं, ऐकणाऱ्यांचा गोंधळ ज्यात कमी होतो तेच बरोबर.

सिव्हिललाइन्स

वकिली करतो. दुभाषेपणातलं मला कळत नाही, पण या प्रसंगात पुढची पायरी संमतिपत्राची आहे आणि तिथे स्वयंसेवक अडकतात.

रुग्णालय घाईत असतं. कागद दुभाष्याच्या हातात देऊन म्हणतात, "जरा समजावून सही घ्या." हे घेऊ नका. शस्त्रक्रिया, धोके, पर्याय समजावणं डॉक्टरचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात पुरेशी माहिती देऊन घेतलेल्या संमतीवर सविस्तर लिहिलंय, आणि ती माहिती देण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. डॉक्टर समोर बसून बोलतील, तुम्ही ते स्पॅनिशमध्ये आणाल. साक्षीदाराच्या रकान्यात सही करू नका. "डॉक्टरांचं बोलणं मी स्पॅनिशमध्ये सांगितलं" असं लिहून दुभाषी म्हणून सही करायला हरकत नाही.

दुसरं, डॉक्टरला २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी गोपनीयता बंधनकारक आहे. स्वयंसेवकाने काही लिहून दिलेलं नसेल तर त्याच्यावर नेमकं काय बंधन, यावर पुढे वाद होऊ शकतो. म्हणून रुग्णालयाला गोपनीयतेचं हमीपत्र तुम्हीच मागा. आणि गोपनीयतेच्याही पलीकडे जाणारी एक गोष्ट: पेशंट अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती कानावर आली, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवण्याची जबाबदारी कोणावरही येते, दुभाष्यावरही.

वर्धारोड

हे आमच्या कागदात नव्हतंच. घेतो. टिपणवहीचं काय करायचं? आम्ही आकडे लिहितो, औषधाची मात्रा, तारखा.

नागनदी

आकडे लिहायलाच हवेत, डोक्यात ठेवले की ५ चे १५ होतात. वहीवर पेशंटचं नाव, खोली नंबर, तारीख लिहू नका. सुटी पानं वापरा आणि बाहेर पडताना सिस्टरकडे द्या, रुग्णालयाचे कागद नष्ट करतात त्यात जाऊ द्या. घरी आणलेली वही शेवटी रद्दीवाल्याकडे जाते. फोनवर फोटो, ध्वनिमुद्रण, "घरी जाऊन शब्द बघते", यातलं काहीच नको. अडलेला शब्द डोक्यात न्या, वाक्य नको.

सिस्टर_अजनी

एक विचारायचं राहिलं. ऑपरेशननंतर रिकव्हरीत पेशंट अर्धवट शुद्धीत काहीबाही बोलून राहते. तिला विचारतो "कुठे आहेस?" आणि ती बाजार, आई असं काही म्हणते. दुभाषी ताई आम्हाला म्हणतात, "ती ठीक आहे, थोडी गुंगीत आहे." ते चालते का?

नागनदी

नाही चालत. तुम्ही तो प्रश्न पत्ता विचारायला करत नाही, भान किती आलंय ते बघायला करता. उत्तर सारवून दिलं तर तुमची तपासणीच पुसली गेली. ती जे शब्द म्हणाली तेच, त्याच तुटक क्रमाने द्यायचे: "बाजार... आई येते... बाजारात आहे." वाक्य जुळतच नसेल तर "दुभाषी: शब्द स्पॅनिश आहेत, पण वाक्य लागत नाही. ऐकू येतात ते शब्द सांगते" असं म्हणायचं आणि शब्द सांगायचे. "गुंगीत आहे" हे मत दुभाषीने द्यायचं नाही.

इथे काही दुभाषी "मी" सोडून "पेशंट म्हणते" वर येतात, कारण भ्रमात असलेल्या माणसाचं "मी" ऐकणाऱ्यालाही गोंधळात टाकतं. मला ते योग्य वाटतं, फक्त बदल करताना मोठ्याने सांगून करा.

धंतोली_भूलतज्ज्ञ

सिस्टर, आणि त्या वेळी दुभाषी खाटेच्या उशाकडे, पेशंटला ऐकू येईल इतक्या जवळ, पण तुमच्या आणि मॉनिटरच्या मध्ये नको. ऑक्सिजनचा मास्क असतो, आवाज दबलेला येतो. उत्तर नीट ऐकू आलं नाही तर "ऐकू आलं नाही" असंच सांगा. तेही आम्हाला हवं असतं.

पाटणकर_चौक

मास्कवरून आठवलं. फोनवर स्पीकर लावून दुभाषेपणा केला तर खोलीत आणखी कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही. तेव्हा गोपनीयतेचं काय करायचं?

नागनदी

सुरुवातीलाच विचारा, "खोलीत कोण कोण आहे?" पेशंटलाही विचारा, "यांच्यासमोर बोललेलं चालेल का?" बाजूच्या खाटेवर दुसरा पेशंट असेल तर स्पीकर बंद करून नर्स आणि पेशंटने फोन एकमेकांच्या हातात द्यायचा. वेळ दुप्पट लागतो. आणि तुम्ही स्वतः कुठे बसलाय तेही सांगा. घरच्या हॉलमध्ये टीव्ही चालू असताना हे काम घेऊ नका.